जाहिरात मागून घेणारा खेळाडू

कोंबडी रस्ता ओलांडत असते. ट्रक येतो, कोंबडी चपटी होते आणि डाव संपतो. मग पडद्यावर एक बटण दिसतं: व्हिडिओ पाहा, 20 नाणी मिळवा. ते दाबलं नाही तरी काही बिघडत नाही, नवा डाव लगेच सुरू होतो.

हा गेम म्हणजे 'क्रॉसी रोड'. ऑस्ट्रेलियातल्या मॅट हॉल आणि अँडी सम यांनी तो नोव्हेंबर 2014 मध्ये फुकट बाजारात आणला. पहिल्या 90 दिवसांत त्याचे सुमारे 5 कोटी डाऊनलोड झाले आणि कमाई झाली 1 कोटी डॉलर. त्यातले सुमारे 30 लाख डॉलर खेळाडूंनी आपणहून पाहिलेल्या अशा जाहिरातींचे होते.

नाण्यांचा उपयोग काय? 100 नाणी टाकली की यंत्रातून एक नवं पात्र निघतं. नशिबात असेल ते. ठरावीक पात्रच हवं असेल तर ते साधारण एका डॉलरला विकत मिळतं. पण बहुतेक पात्रं म्हणजे नुसती सोंगं आहेत. पैसे मोजले म्हणून रस्ता ओलांडणं सोपं होत नाही. त्यामुळे पैसे न देणाऱ्याला आपण मुद्दाम हरवले जातोय असं वाटत नाही.

खरी कसोटी असते ती जाहिरात आणि खरेदी यांच्यातल्या भावाची. 20 नाण्यांच्या हिशेबाने एका सोडतीला पाच जाहिराती लागतात. अर्ध्या मिनिटाची एक धरली, तर अडीच मिनिटं. एकाच जाहिरातीला 100 नाणी दिली असती तर पात्र विकत कोण घेणार? आणि दोनच दिली असती तर पन्नास जाहिराती पाहत कोण बसणार?

हाच हिशेब गेम बनवणाऱ्याच्या बाजूने मांडू. समजा, हजार वेळा जाहिरात दाखवल्यावर त्याला 100 रुपये मिळतात. म्हणजे एकेका वेळेचे 10 पैसे. पात्राची किंमत 80 रुपये ठेवली आणि स्टोअरने 15 टक्के कापून घेतले, तर हातात 68 रुपये येतात. एक खरेदी म्हणजे 680 जाहिराती! मात्र विकत घेणारे शंभरात मोजकेच असतात. बाकीच्यांकडून जे काही यायचं ते जाहिरातीतूनच येतं. म्हणून एकाने दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवू नये, असा भाव बांधावा लागतो.

गडबड बहुधा लोभातून होते. जाहिरात पाहिल्यावर जीवदान द्यायचं ठरलं की टप्पा थोडा जास्त अवघड करून ठेवण्याचा मोह होतो. ही चोरी आकड्यांत पकडता येते. आज गेम घेणाऱ्यांपैकी उद्या किती परततात आणि सातव्या दिवशी किती उरतात, हे पाहायचं. बदल करण्यापूर्वी आलेल्यांच्या तुलनेत नंतर आलेल्यांचा आकडा घसरला, आणि बरेच जण एकाच टप्प्यावर गेम सोडत असले, तर कमाई चढती दिसली तरी गेम आतून पोखरला जातोय.

दुसरी गडबड निष्काळजीपणाची. अर्धं मिनिट जाहिरात पाहिली आणि नाणी आलीच नाहीत, यासारखा संताप नाही. जाहिरात बंद झाल्याचा इशारा वेगळा असतो आणि बक्षीस मिळवल्याचा वेगळा. नाणी दुसऱ्या इशाऱ्यावर द्यायची असतात. पहिल्यावर दिली तर मध्येच बंद करणाऱ्यालाही ती मिळतात. दोन्ही इशारे नेहमी एकाच क्रमाने येतील असंही धरून चालता येत नाही. आणि जाहिरात फोनमध्ये उतरलीच नसेल, तर बटण दाखवूच नये.

खरेदीत तर खरे पैसे गुंतलेले असतात. गूगल प्लेवर खरेदी पूर्ण झाल्यावर गेमने तीन दिवसांत पोच द्यावी लागते, नाहीतर पैसे आपोआप परत जातात. कायमचं विकत घेतलेलं पात्र फोन बदलल्यावरही मिळालं पाहिजे; ॲपलच्या स्टोअरवर अशी जुनी खरेदी परत मिळवण्याची सोय गेममध्ये द्यावीच लागते.

तुमचा गेम तयार असेल तर आधी एक साधी चाचणी करा. जाहिरातीचं आणि खरेदीचं बटण झाकून दहा डाव खेळा. अकरावा खेळावासा वाटला नाही, तर अजून दुकान उघडू नका.