घोट्यापाशी ठरतं

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत कुर्त्याखाली स्नीकर्स दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली ही प्रथा पुढे गिरगाव, ठाण्यापर्यंत पोचली. कमरेला ढोल बांधून चैत्राच्या उन्हात डांबरी रस्त्यावर चालायचं, तर नवी कोल्हापुरी पायाला चावणारच. तेव्हा बूट घालायला कारण आहेच. तरीही एकाच्या पायांत ते निवडून घातल्यासारखे दिसतात आणि शेजारच्याच्या पायांत चप्पल सापडली नाही म्हणून चढवल्यासारखे. हा फरक बुटाच्या किमतीचा नसतो. बहुतेक वेळा तो घोट्याभोवतीच्या चार बोटं जागेत असतो.

सगळ्यात जास्त घोळ चुडीदार करतो. चुडीदार पायाच्या लांबीपेक्षा बराच मोठा बेततात आणि उरेब कापतात, म्हणून जास्तीचं कापड घोट्यावर चुण्यांनी बसतं. मोजडी पायावर खूप खाली संपते, त्यामुळे चुण्यांना जागा मिळते. स्नीकरची कड मात्र घोट्यापर्यंत येते, वर जीभ उठलेली असते, लेसची गाठ असते. चुण्या नेमक्या त्यावर येऊन बसतात आणि पाय तिथे जाड, आखूड दिसतो. सैल पायजम्याचं उलट होतं. त्याची मोहरी बुटावर लोळते, मागून टाचेखाली जाते आणि अर्ध्या तासात काळी पडते.

स्नीकर्सना सरळ पँट मानवते. साधारण बांध्याच्या माणसाला सपाट ठेवून मोजलेली सात इंचांची मोहरी पुरते. लांबी घोट्याच्या हाडावर किंवा त्याच्या बोटभर वर थांबावी. पँट आणि बूट यांच्यात थोडी त्वचा दिसली की दोन्ही गोष्टी ठरवलेल्या जागी संपल्यासारख्या वाटतात. त्यासाठी मोजे बुटाच्या आत दडणारे हवेत. पोटरीपर्यंत ओढलेले पांढरे खेळाचे मोजे ही सगळी मेहनत वाया घालवतात.

एक उदाहरण घेऊ. हातमागाचा मोतिया रंगाचा, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, खाली पांढरा चुडीदार आणि पायांत जिमचे करडे बूट, त्यावर पोपटी पट्ट्या. इथे आधी चुडीदार बदलायचा आणि मोतियाच रंगाची सरळ पँट शिवून घ्यायची. मग बूट. धावण्याच्या बुटाला जाळीचं कापड, फुगीर सोल आणि तीन-चार रंग असतात; हातमागाच्या शांत पोताशेजारी ते ओरडतात. टेनिसच्या जुन्या बुटांसारखा सपाट सोलचा, एकरंगी, साधा जोड हवा. मात्र तो पांढराशुभ्र नको. शुभ्र पांढऱ्याशेजारी मोतिया कापड पिवळट, न धुतल्यासारखं दिसतं. त्यामुळे इथे साय किंवा फिका तपकिरी रंग जास्त चांगला. पांढरे बूट निळ्या, राखाडी, मेंदी रंगाच्या कुर्त्याखाली खुलतात. गडद निळीच्या नव्या पँटचा रंग मात्र घासून बुटाच्या कडेला लागतो. ती आधी दोन-तीनदा वेगळी धुवावी.

आणि बूट स्वच्छ हवेत, विशेषतः सोलची कड. जीन्सखाली मळकी कड खपून जाते, इस्त्रीच्या कुर्त्याखाली ती सगळ्यात आधी दिसते. जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण एवढ्यावर काम होतं. कापडी बूट धुतले तर सावलीत वाळवावेत, नाहीतर पिवळे डाग उमटतात.

नऊवारीला स्नीकर्स सहाव्वारीपेक्षा सोपे जातात, कारण काष्ट्यामुळे पाय मोकळा राहतो आणि बूट पूर्ण दिसतो. सहावारीत काठाखालून नुसतं बुटाचं टोक डोकावतं आणि ते चुकून राहिल्यासारखं वाटतं. म्हणून बूट आधी घालायचे, मग साडी नेसायची आणि निऱ्या नेहमीपेक्षा दोन बोटं वर घ्यायच्या. उंच टाचांच्या मापाने नेसलेल्या साडीखाली ऐन वेळी बूट चढवले, तर फॉल जमिनीवर घासतो.

हे सगळीकडे चालत नाही. भरजरी शेरवानी किंवा पैठणीखाली मला स्नीकर्स पटत नाहीत. जरीचं वजन पेलायला सपाट, साधा बूट अपुरा पडतो. जिथे वारंवार पादत्राणं काढायची असतात, म्हणजे देऊळ, पूजा, लग्नाचे विधी, तिथेही लेसचे बूट गैरसोयीचेच. तिथे चप्पलच बरी.

बाकी ठिकाणी खुशाल घाला. फक्त पँट शिवायला टाकताना तेच बूट पायांत घालून शिंप्याकडे जा आणि मोहरीचं माप त्यांच्यावरच घ्यायला सांगा.