सार्वजनिक-खासगी भागीदारीतील व्यवहार्यता तफावत अनुदानाची निश्चिती : निव्वळ वर्तमान मूल्याच्या आधारे विवेचन

प्रस्तावना

रस्ते, पूल, मेट्रो यांसारख्या प्रकल्पांपासून समाजाला होणारा लाभ मोठा असला, तरी वापरकर्त्यांकडून मिळणाऱ्या शुल्कातून खासगी भागीदाराची गुंतवणूक भरून निघतेच असे नाही. ही तूट भांडवली अनुदानाने भरून काढण्यासाठी केंद्र शासनाच्या वित्त मंत्रालयाची 'व्यवहार्यता तफावत निधी' ही योजना आहे. तिच्या मूळ स्वरूपात केंद्राकडून प्रकल्पखर्चाच्या कमाल २० टक्के व प्रायोजक शासनाकडून आणखी कमाल २० टक्के अनुदानाची तरतूद होती. २०२० च्या सुधारणेने सामाजिक क्षेत्रातील प्रकल्पांसाठी ही मर्यादा वाढविण्यात आली. मर्यादेच्या आत नेमके किती अनुदान योग्य, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संकल्पना

ज्या रकमेमुळे खासगी भागीदाराचे निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होते, ती रक्कम म्हणजे किमान पुरेसे अनुदान होय. शून्य मूल्य म्हणजे शून्य नफा नव्हे. वटावदरामध्ये भांडवलावरील अपेक्षित परतावा समाविष्ट असल्याने, त्या परताव्यापेक्षा अधिक काहीही उरत नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. यापेक्षा कमी अनुदानात सुज्ञ गुंतवणूकदार येणार नाही, तर अधिक दिलेला प्रत्येक रुपया हा सार्वजनिक तिजोरीतून दिलेला जादा नफा ठरेल.

उदाहरण

समजा, एका पुलाचा बांधकाम खर्च २०० कोटी रुपये असून त्यापैकी १०० कोटी आरंभी व १०० कोटी पहिल्या वर्षाअखेर खर्च होतात. त्यानंतर वीस वर्षे दरवर्षाअखेर करोत्तर निव्वळ रोखप्रवाह २४ कोटी रुपये आहे. वटावदर १२ टक्के धरू.

या दराने वीस वर्षांच्या प्रवाहाचा वार्षिकी घटक ७.४७ येतो. म्हणून पहिल्या वर्षाअखेरचे उत्पन्नमूल्य १७९.३ कोटी व आजचे मूल्य १६०.१ कोटी होते. खर्चाचे आजचे मूल्य १८९.३ कोटी आहे. म्हणजेच तूट २९.२ कोटी रुपयांची आहे.

मात्र अनुदानाची रक्कम २९.२ कोटी असे म्हणणे चुकीचे ठरेल. योजनेनुसार खासगी भागीदाराचे भागभांडवल पूर्ण खर्च झाल्यावर, उर्वरित कर्जवितरणाच्या प्रमाणात अनुदान दिले जाते. ते पहिल्या वर्षाअखेर मिळाले, तर तूट १.१२ ने गुणावी लागेल व अनुदान ३२.७ कोटी, म्हणजे खर्चाच्या १६.४ टक्के येईल.

येथे कराचाही विचार आवश्यक आहे. अनुदानाने भागलेल्या खर्चावर घसाऱ्याची वजावट मिळत नसल्यास भागीदाराची तेवढी करबचत बुडते. वरील २४ कोटींचा प्रवाह पूर्ण खर्चावरील घसारा गृहीत धरून काढलेला असेल आणि अनुदानाच्या प्रत्येक रुपयामागे बुडणाऱ्या करबचतीचे त्या वेळचे मूल्य १५ पैसे असेल, तर ३२.७ ला ०.८५ ने भागावे लागेल. अनुदान ३८.५ कोटी, म्हणजे खर्चाच्या १९.३ टक्के होईल. तूट तीच असूनही अनुदान केंद्राच्या २० टक्क्यांच्या मूळ मर्यादेला भिडते, ही बाब लक्षणीय आहे.

गृहीतकांची संवेदनशीलता

कराचा परिणाम बाजूला ठेवून पाहू. वार्षिक प्रवाह २४ ऐवजी २२ कोटी धरला, म्हणजे केवळ आठ टक्क्यांनी घटवला, तर अनुदान ३२.७ वरून ४७.७ कोटींवर जाते. ही वाढ सुमारे ४६ टक्के आहे. कारण अनुदान हा दोन मोठ्या रकमांमधील लहान फरक असतो. त्यामुळे वाहतुकीचा अंदाज मुद्दाम कमी दाखविणाऱ्यास मोठा लाभ मिळू शकतो. शासनाने अंदाजपत्रकावर विसंबून न राहता किमान अनुदान मागणाऱ्या बोलीदाराची निवड करण्यामागे हेच कारण आहे. स्पर्धा पुरेशी असेल, तर बोली शून्य मूल्याच्या रकमेकडे सरकते. एकच बोलीदार उरला, तर हा अंकुश नाहीसा होतो.

मुंबई मेट्रो मार्ग १ (वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर) या २०१४ साली सुरू झालेल्या प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च २,३५६ कोटी व अनुदान ६५० कोटी, म्हणजे सुमारे २७.६ टक्के होते. प्रत्यक्ष खर्च वाढला आणि तिकीटदराचा वाद निर्माण झाला. आरंभी शून्य ठरलेले मूल्य नंतर शून्यच राहील याची हमी अनुदान देत नाही, हे यावरून दिसते.

निष्कर्ष

अनुदानाची रक्कम तुटीवरून निघते, परंतु तुटीएवढी नसते. वितरणाचा काळ व कर यांमुळे ती वाढते. तपासणी करताना प्रथम वटावदर व उत्पन्नाचा अंदाज पाहावा. तसेच समाजाच्या दृष्टीने प्रकल्पाचे निव्वळ मूल्य धन आहे काय, हे स्वतंत्रपणे सिद्ध व्हावे. ते ऋण असल्यास खासगी भागीदाराची तूट भरून काढण्याचे आर्थिक समर्थन उरत नाही.