‘ब-2’ म्हणजे पास की नापास?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तकं घरी येतात. पालकाची सही घेऊन ती परत द्यायची असतात. ज्या घरात आईवडलांना हे पान नीट लागत नाही, तिथे ते थोरल्या बहिणीपुढे, शिकवणीच्या ताईंपुढे नाहीतर शेजारच्या काकांपुढे ठेवलं जातं. “जरा सांगा, काय लिहिलंय.” त्यावर जी चार वाक्यं बोलली जातात, तोच त्या घरापुरता निकाल ठरतो. त्या वाक्यांवरून मुलीची पाठ थोपटली जाते, तिला मार बसतो किंवा तिची शिकवणी लावली जाते. म्हणून ती वाक्यं नेमकी असायला हवीत.

महाराष्ट्रात 2010 साली पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. त्यात गुणांचे दोन भाग असतात. वर्षभर वर्गात चालणाऱ्या तोंडीकाम, प्रकल्प, स्वाध्याय, उपक्रम यांचे गुण म्हणजे आकारिक आणि सत्राअखेरच्या परीक्षेचे गुण म्हणजे संकलित. सहावीला दोन्ही पन्नास-पन्नास. संकलितच्या पन्नासातले 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे, 40 लेखीचे. सगळ्यांची बेरीज होऊन शेवटी एक श्रेणी उरते. 91 च्या पुढे अ-1, मग दहा-दहा गुणांच्या पायऱ्यांनी अ-2, ब-1, ब-2, क-1, क-2 आणि 33 ते 40 ला ड. घरी येणाऱ्या पानावर बहुतेक वेळा ही श्रेणीच ठळक असते, आणि पालकांची पहिली ठेच तिथेच लागते.

समजा, सहावीतल्या एका मुलीच्या पानावर गणितापुढे ब-2 आहे. वडील विचारतात, “म्हणजे नापास का?” नाही. ब-2 म्हणजे 61 ते 70. “मग कितवा नंबर?” नंबर या पानावर नसतोच. पण इथेच थांबून “बरं चाललंय, काळजी करू नका” असं सांगितलं तर ते अर्धवट ठरेल. या मुलीला 64 गुण आहेत, पण ते आले कसे? वर्गशिक्षिकेकडच्या नोंदवहीत फोड मिळते: आकारिक 50 पैकी 44, तोंडी 10 पैकी 8, लेखी 40 पैकी 12. दुसऱ्या एखाद्या मुलाचे 64 हे 32, 6 आणि 26 असे आलेले असू शकतात. दोघांची श्रेणी एक, पण दोघांच्या घरी सांगायच्या गोष्टी अगदी वेगळ्या. पानावर फोड नसेल तर बाईंकडे मागावी, त्या दाखवतात.

आता शेरे. ‘वर्णनात्मक नोंदी’ या मथळ्याखाली विशेष प्रगती, आवड-छंद आणि आवश्यक सुधारणा अशा जागा असतात. वर्गात पन्नास मुलं आणि प्रत्येकाचे आठ-नऊ विषय, त्यामुळे बऱ्याच नोंदी छापील याद्यांतून उतरवलेल्या असतात. यात बाईंना दोष देण्यात अर्थ नाही, पण वाचणाऱ्याने फरक ओळखावा. ‘वर्गात लक्ष देऊन ऐकते’, ‘प्रयत्नशील आहे’ या नोंदी निम्म्या वर्गाच्या पानांवर सापडतील, त्यांवर फार भार टाकू नये. ‘तोंडी हिशेब अचूक करते, शाब्दिक उदाहरणात कोणती क्रिया करायची ते ठरवताना गोंधळते’ ही नोंद मात्र याच मुलीकडे पाहून लिहिलेली आहे. नेमकं काम आणि नेमका प्रसंग दिसला की ती नोंद खरी धरावी. तोंडी 8 आणि लेखी 12 या आकड्यांशी ती जुळतेही.

तिसरी जागा हजेरीची. महिन्यांच्या त्या छोट्या तक्त्याकडे कुणी पाहत नाही. या मुलीच्या ऑगस्टच्या रकान्यात कामाचे दिवस 22, हजर दिवस 11. कारण पानावर नसतं, आईला माहीत असतं. ती म्हणते, “धाकट्याला टायफॉइड झाला होता. मी कामावर जायचे, मग हीच घरी थांबायची.” अपूर्णांकांच्या क्रिया त्याच दिवसांत शिकवून झाल्या असतील तर लेखीतले गुण तिथेही गेले असतील. तसंच झालं असं मात्र सांगू नये, कारण ते अजून पाहिलेलं नाही.

एवढं वाचून झालं की मुलीला शेजारी बसवून, तिला ऐकू येईल अशा आवाजात सांगावं:

“वहिनी, भाषा आणि विज्ञान चांगलं आहे. गणितात ती पास आहे, श्रेणी मधली आहे. वर्गातलं काम आणि तोंडी हिशेब तिला छान जमतात. लेखी पेपरात मात्र चाळीसपैकी बाराच गुण आहेत, ते कमी आहेत. बाईंनी लिहिलंय की लांबलचक उदाहरण वाचून बेरीज करायची की भागाकार, हे तिला ठरवता येत नाही. ऑगस्टात तिचे अकरा दिवस बुडाले, त्याचा यात किती भाग आहे ते बाईंना विचारू या.”

यात ‘कमी आहेत’ हे शब्द गाळलेले नाहीत. आईला वाईट वाटेल म्हणून ते गाळले, तर मार्चमध्ये तिला जास्त वाईट वाटेल. पण ‘गणितात कच्ची आहे’ असंही म्हटलेलं नाही, कारण पान तसं म्हणत नाही. सांगणाऱ्याच्या हातून सर्वांत जास्त घोळ होतो तो स्वतःचं कारण जोडल्यामुळे. ‘मोबाईल पाहते’, ‘लक्षच नाही तिचं’, ‘हुशार आहे पण आळशी’ यांतलं एकही वाक्य पानावर नव्हतं, तरी घरात पुढची कित्येक वर्षं तेच टिकतं. बाईंचं काय आणि आपला अंदाज काय, हे बोलताना वेगळं ठेवावं. मुलीसमोर म्हणता येणार नाही असं काही तिच्यामागे म्हणू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पालकसभेत आई सगळ्या विषयांचं विचारायला गेली तर दोन मिनिटांत “घरी अभ्यास घ्या” एवढंच ऐकून परत येते. तिने फक्त गणिताचा पेपर पाहायला मागावा. समजा, सरळ दिलेल्या क्रिया बरोबर आहेत, अपूर्णांकांचीही दोन गणितं बरोबर आहेत, आणि शाब्दिक उदाहरणं कोरी सोडली आहेत. मग ऑगस्टच्या गैरहजेरीचा अंदाज मागे पडतो आणि प्रश्न वाचून समजण्याचा होतो. तेव्हा घरी पाढे घोकून घेण्यापेक्षा रोज एक उदाहरण मोठ्याने वाचायला सांगावं आणि ‘काय दिलंय, काय विचारलंय’ एवढंच विचारावं. हे शाळेत न गेलेल्या आईलाही जमतं. आधी सांगितलेलं हजेरीचं वाक्यही घरी दुरुस्त करून सांगावं लागतं.

पाचवी आणि आठवीच्या घरी एक गोष्ट वेगळी आणि स्पष्ट सांगावी लागते. 2023-24 पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आहे. तीत अनुत्तीर्ण झालं तर पुनर्परीक्षा, आणि तीही सुटली नाही तर त्याच वर्गात थांबावं लागतं. तिथे लेखीच्या कमी गुणांची गोष्ट पहिल्या सत्रातच घरी कळलेली बरी.

आपल्या सहावीतल्या मुलीचं दुसऱ्या सत्राचं पान मेअखेरीच्या आत येईल, आणि तेव्हाही श्रेणी फसवू शकते. समजा, लेखीत तिला 12 च्या जागी 16 मिळाले, तोंडी 8 च राहिले आणि आजारपणात प्रकल्प राहून गेल्याने आकारिक 36 वर आलं. बेरीज 60, म्हणजे श्रेणी ब-2 वरून क-1. वडील म्हणतील, “खाली आली की!” तेव्हा त्यांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात: प्रकल्प राहिल्याने वर्गातले गुण आठाने कमी झाले, आणि जिथे ती अडत होती त्या लेखीत चार वाढले.