जुन्या फ्लेक्समधली एक पट्टी काढताना
(लेखमाला : पडद्यावरचं छापकाम)

बावड्यासारख्या गावात फ्लेक्सची फाईल एकदा वापरून कोणी टाकून देत नाही. नीरा-भीमेच्या संगमावरच्या नीरा-नरसिंहपूरला नृसिंह जयंतीचा उत्सव वैशाखात होतो. त्याच्या स्वागताचा फलक गेल्या वर्षी केलेला असेल, तर यंदा तीच फोटोशॉपची फाईल उघडायची, तारीख बदलायची आणि छापायला द्यायची. अशाच एका फाईलचं उदाहरण घेऊ. खाली उजव्या कोपऱ्यात पिवळी पट्टी आहे, तिच्यावर ‘सौजन्य’ आणि एका दुकानाचं नाव. यंदा ते दुकान सौजन्याला नाही. पट्टी आणि नाव काढायचं आहे, बाकी कशालाही धक्का लावायचा नाही.

पहिली अडचण फाईल उघडतानाच येते. फलक ज्या संगणकावर झाला तिथे श्रीलिपीचे फॉन्ट होते, इथे नाहीत. फोटोशॉप सूचना दाखवतं आणि मजकुराचे लेयर अद्ययावत करायचे का, असं विचारतं. `Update` आणि `No` अशी बटणं आली, तर `No` दाबावं. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसताना मजकूर नव्याने मांडला, की ‘स्वागत’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग उमटते. हात लावला नाही, तर फाईलमध्ये साठवलेलं चित्र जसंच्या तसं दिसत राहतं. लेयर नुसता काढून टाकायला फॉन्ट लागतच नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि ते उगाच फॉन्ट शोधत बसतात. तारीख बदलायला मात्र तो लागेल. नसेल तर जुन्या तारखेचा लेयरही काढून नवी तारीख युनिकोड फॉन्टमध्ये लिहावी.

आता नेमका लेयर शोधायचा. `F7` दाबलं की लेयरची यादी उघडते. पण मजकुराच्या लेयरचं नाव त्यातल्या मजकुरावरूनच पडतं, त्यामुळे श्रीलिपीचा लेयर यादीत निरर्थक इंग्रजी अक्षरांनी ओळख देतो. पट्टीचं नाव ‘Shape 3’ असेल, तिच्याखाली ‘Shape 3 copy’ही असू शकतो. नावावर विसंबू नये. `V` दाबून मूव्ह टूल घ्यावं आणि पट्टीवर उजवं बटण दाबावं. त्या जागी एकाखाली एक असलेल्या लेयरची छोटी यादी येते, तीतून हवा तो निवडावा.

निवडला म्हणून लगेच काढू नये. आधी यादीतला डोळा बंद करून पाहावं. नाव गेलं पण त्याची गडद सावली मागे राहिली, तर समजावं की सावलीसाठी त्याच मजकुराची वेगळी प्रत खाली ठेवली आहे. तीही काढावी लागेल. डोळा बंद करताच शेजारचा फोटो गोल चौकटीतून बाहेर पसरला किंवा नाहीसा झाला, तर तो आकार फोटोची चौकट होता, चुकीचा लेयर धरला गेला. काहीच बदललं नाही, तर मजकूर पार्श्वभूमीच्या चित्रात मिसळला असण्याची शक्यता मोठी. मग काढायला लेयर उरलेलाच नाही आणि ती जागा रंगवून झाकावी लागते.

पट्टीचा आणि नावाचा डोळा बंद केल्यावर फक्त तेवढंच गेलं, की डोळे पुन्हा उघडून एकेका लेयरच्या नावावर एकदा क्लिक करावं आणि तो ओढून खालच्या कचरापेटीवर सोडावा. ओढताना नाव धरावं. जुन्या आवृत्त्यांत आकाराच्या लेयरला दोन छोटी चित्रं असतात, एक रंगाचं आणि एक बाह्यरेषेचं. बाह्यरेषेचं चित्र कचरापेटीत गेलं तर फक्त रेषा जाते आणि पिवळा रंग फलकभर पसरतो. घाबरू नये, `Ctrl+Z` दाबून पट्टी परत आणावी आणि या वेळी नाव धरून ओढावं.

कीबोर्डवरची `Delete` कळही चालते, पण मजकुरात कर्सर लुकलुकत असेल तर ती अक्षर खोडते आणि पडद्यावर तुटक रेषांची निवड चालू असेल तर तेवढाच भाग. म्हणून आधी कर्सर मजकुरातून बाहेर काढावा आणि `Ctrl+D` दाबून निवड सोडावी. कुलूप लावलेला लेयर जात नाही, आधी यादीतलं कुलूप उघडावं लागतं.

पट्टी गेली की तिच्यामागची पार्श्वभूमी आपोआप दिसते, कारण ती वेगळ्या लेयरवर शाबूत होती. मग `Save As` करून यंदाच्या वर्षाचं नाव द्यावं, म्हणजे गेल्या वर्षीची फाईल तशीच राहते. छापखान्याला द्यायची सपाट प्रत त्यानंतरच, वेगळ्या नावानं काढावी. लेयर असलेल्या फाईलवरच सपाटीकरण करून ती साठवली, तर पुढच्या वैशाखात हीच पट्टी काढण्याची सोय राहणार नाही.