रस्त्यापलीकडचा हात

सकाळचे सात वाजलेत. गंगापूर रोडवर, जेहान सर्कलच्या अलीकडे, मी एका टपरीवर चहा घेतोय. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरून परतणारी मंडळी दोन्ही फुटपाथांवर आहेत. मधे दुभाजक, आणि दोन्ही बाजूंनी वाहनं सुरू झालेली.

शेजारच्या बाकावरचे नाना हात वर करतात. पलीकडे आप्पा थांबतात. नाना पंजा उघडा ठेवून मनगट दोनदा फिरवतात, म्हणजे "काय, कसं काय?" आप्पा हवेतच हात दोनदा खाली दाबतात, म्हणजे "निवांत." मग अंगठा आणि करंगळी कानाशी, म्हणजे फोन करतो. तेवढ्यात मधे सिटीलिंकची बस येते. ती गेल्यावर आप्पा दिसतात ते पाठमोरे. नाना पुन्हा चहाकडे वळतात. त्यांचं काही अडलेलं नाही. कालही हेच झालं असणार, आणि हाताने कळवायचं होतं ते एवढंच, की कालपासून काही बदललेलं नाही.

दूधवाला तर हातही काढत नाही. हॉर्न दोनदा वाजवतो, हनुवटी वर करतो आणि जातो. टपरीवाला तशीच हनुवटी उचलून उत्तर देतो, चहा गाळता गाळता.

हात किती वर आणि कुठल्या बाजूला, यावर मात्र बरंच अवलंबून असतं. फुटपाथच्या कडेला उभी असलेली एक मुलगी पलीकडच्या मैत्रिणीला हात दाखवते आणि कचकन एक रिक्षा येऊन थांबते. हात चेहऱ्याजवळ, तळवा समोर असता तर रिक्षावाला सरळ गेला असता. तिचा हात पुढे, रस्त्यावर आलाय, आणि तो रिक्षाचा हात. ती मान हलवते, रिक्षावाला पुटपुटत निघतो. मैत्रिणीने तोंडाला स्कार्फ गुंडाळलाय, फक्त डोळे उघडे. ती नेमकी कोण, हे मला इथून सांगता येणार नाही. हिला मात्र गाडीच्या रंगावरून कळलं असावं.

दुसरा घोटाळा बोलावण्याच्या खुणेचा. आपल्याकडे "इकडे ये" म्हणताना तळवा जमिनीकडे असतो आणि बोटं आपल्याकडे ओढली जातात. दुरून बघणाऱ्याला हात हलला एवढंच दिसतं. मग समोरचा सिग्नल नसलेला रस्ता ओलांडून येतो आणि विचारतो, "काय रे, बोलावलंस?" "नाही, सहज हात केला."

एक तरुण स्कूटरवरून येतो. पलीकडे पांढऱ्या सदऱ्यातले त्याचे शाळेतले सर दिसतात. एक हात सहज मोकळा होता, पण सरांना एका हाताने काय करणार? तो स्कूटर कडेला घेतो, दोन्ही पाय टेकवतो, हेल्मेटची काच वर करतो आणि मग हात जोडून किंचित वाकतो. सर मात्र एकच हात उचलतात, तळवा त्याच्याकडे. त्यांना तेवढा चालतो. रस्ता न ओलांडता नमस्कार पोचतो, आशीर्वादही.

नानांचा हात पुन्हा वर जातो. या वेळी पलीकडे एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत, दुधाची पिशवी घेतलेले. हात खांद्यापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. गृहस्थांनी टोपी काढून कपाळ पुसलंय आणि डोक्यावर केस नाहीत. मिशीही नाही.

"हा पंधरा दिवस दिसला नव्हता," नाना टपरीवाल्याला म्हणतात. "वडील गावी आजारी होते त्याचे." अर्धा चहा बाकावर ठेवून ते उठतात. दुभाजकातली फट वीस-पंचवीस पावलं पुढे आहे, तिथपर्यंत जातात, एक टेम्पो जाऊ देतात आणि पलीकडे पोचतात.

काय बोलतात ते ऐकू येत नाही. आधी हातात हात घेतलेला दिसतो, मग नानांची मान हलताना. जेमतेम दोन मिनिटं. परत आल्यावर ते गार चहा पितात. "मंगळवारी गेले," म्हणतात. "संध्याकाळी घरी जायला हवं, आईंना भेटायला. रस्त्यात विचारलं ते काही भेटणं नव्हे."

टपरीवाला दुसरा चहा पुढे करतो. पैशांचं काही बोलत नाही.

पलीकडे आप्पा मघाच्याच वाटेने परत येताना दिसतात. त्यांनी नानांना रस्ता ओलांडताना पाहिलं असावं, कारण या वेळी मनगट फिरवून तेच विचारतात: काय झालं? खुणेने सांगण्यासारखं ते नाही. नाना तळवा खाली करतात, बोटं आपल्याकडे ओढतात, दोनदा, सावकाश, चुकूनही नुसता हात वाटणार नाही अशी. आप्पा मान डोलावतात आणि दुभाजकातल्या फटीकडे चालू लागतात.