भिंतीवरचं फूल केवढं असावं?

दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये मी वॉलपेपर काढून टाकायला गेले होते. घरसजावटीच्या कामात लावायची बोलावणी नेहमी येतात, काढायची क्वचित. लावून जेमतेम चार महिने झाले होते. खोली दहा बाय अकराची, उंची नऊ फूट. चारही भिंतींवर क्रीम रंगावर मरून आणि सोनेरी फुलं, प्रत्येक फूल दीड इंचाचं. घरातल्या वहिनी म्हणाल्या, "पुस्तकात इतकं नाजूक दिसत होतं हो! खोली लहान म्हणून मुद्दाम बारीक घेतलं. आता आत आलं की डोकं चढतं."

लहान खोलीला लहान नक्षी, हा सल्ला दुकानदार देतो, शेजारीण देते, आणि ऐकायला तो पटतोही. पण वहिनींच्या खोलीतली फुलं मी सहज मोजली. दर चार इंचांवर एक फूल. म्हणजे अकरा फुटांच्या आडव्या ओळीत तेहतीस, आणि नऊ फुटांच्या उंचीत अशा सत्तावीस ओळी. एका भिंतीवर जवळजवळ नऊशे फुलं! दार, खिडकी, कपाट वगळलं तरी खोलीत अडीच-तीन हजार मरून ठिपके माणसाकडे बघत होते. सॅम्पल बुकातल्या पानावर त्यातली तीसेक दिसली असतील.

घोळ होतो तो इथे. पुस्तक आपण मांडीवर घेऊन पाहतो, हातभर अंतरावरून. भिंत पाहतो आठ-दहा फुटांवरून. तेवढ्या अंतरावर दीड इंचाच्या फुलाच्या पाकळ्या दिसत नाहीत, फक्त ठिपका दिसतो. रंग पाठीशी मिळताजुळता असेल तर हे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि भिंतीला सुती कापडासारखा शांत पोत येतो. पण क्रीमवर मरून असेल तर ते मिसळत नाहीत. डोळा एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो आणि त्याला विसावायला जागा सापडत नाही. त्यात सोनेरी शाई रात्री पलंगाजवळच्या दिव्यात चमकते ती वेगळीच.

म्हणून नक्षी निवडताना मी फुलाच्या मापाआधी दोन गोष्टी बघते. पाठीचा आणि नक्षीचा रंग एकमेकांपासून किती लांब आहेत, आणि दोन फुलांच्या मध्ये पाठ किती मोकळी सुटली आहे. फिकट पाठीवर तिच्याहून दोन छटा गडद असलेली फूटभर लांबीची पानं छोट्या खोलीत खुशाल चालतात. उलट काळ्या-पांढऱ्या बारीक चौकटींची भिंत मोठ्या हॉलमध्येही टोचते. विल्यम मॉरिसचं १८८७ सालचं ‘विलो बाउ’ आजही घरोघरी लागतं, आणि त्याची पानं काही विरळ नाहीत. भिंत चांगली गच्च भरलेली असते. पण हिरव्या रंगाच्या जवळजवळच्या छटा आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या यांमुळे नक्षी कुठे संपून पुन्हा सुरू होते ते पटकन कळत नाही, आणि डोळा अडखळत नाही.

याची परीक्षा दुकानातच होते. सॅम्पलचं पान दुकानदाराला समोरच्या भिंतीशी उभं धरायला सांगा आणि दहा फूट मागे जा. डोळे किलकिले करून बघा. ठिपके तरीही सुटे सुटे दिसत असतील तर भिंतभर ते आणखी सुटे दिसणार आहेत. मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून पाहिला तर आणखी स्वच्छ कळतं. रंगाची भुरळ निघून जाते आणि फक्त गडद-फिकट उरतं.

मग पानाच्या मागचं लेबल वाचा. तिथे ‘रिपीट’ म्हणून सेंटिमीटरमध्ये आकडा असतो: उभ्या दिशेने नक्षी किती अंतराने पुन्हा येते, तो. आकडा पानाच्या उंचीपेक्षा मोठा असेल तर तुम्ही अजून पूर्ण नक्षी पाहिलेलीच नाही. पुढचं पान उलटा किंवा रोल उघडायला लावा. काही लेबलांवर ६४/३२ असे दोन आकडे असतात. याचा अर्थ नक्षी ६४ सेंटिमीटरने पुन्हा येते आणि शेजारच्या पट्ट्यात ती ३२ सेंटिमीटर खाली सरकलेली असते. अशी सरकती नक्षी मला लहान खोलीत जास्त आवडते. सरळ जुळणाऱ्या नक्षीत फुलांच्या आडव्या रांगा होतात, आणि छत जरा तिरकं असलं तर तो तिरकेपणा रांगा चव्हाट्यावर आणतात. आपल्याकडचे स्लॅब किती सरळ असतात हे मी सांगायला नको.

वहिनींनी दुसऱ्या वेळी नेमकी हीच नक्षी घेतली: मळकट पांढऱ्यावर राखाडी-हिरव्या डहाळ्या, ६४/३२. डहाळीची लांबी पाहून त्या आधी दचकल्याच. "एवढं मोठं?" पण हे फक्त एका भिंतीवर लावायचं ठरलं. पैठणीवर भरगच्च पदर शोभतो तो अंगावर बुट्ट्या विरळ असतात म्हणून. सबंध पैठणीच पदर केली तर ती नेसवणार नाही.

भिंत कुठली, हा प्रश्न मात्र पदराइतका सोपा नसतो. कपाटाची भिंत बाद, कारण नक्षीचे उरलेले तुकडेच दिसतात. खिडकीच्या भिंतीचंही तेच, शिवाय उजेड समोरून आल्यामुळे नक्षी काळवंडते. टीव्हीमागे गजबजलेली नक्षी लावली की पडद्यावरची हालचाल आणि भिंतीवरची पानं यांची मारामारी होते. राहिली पलंगामागची भिंत. दारातून आत येताना ती दिसते आणि झोपताना नजरेआड असते, म्हणून बेडरूमला तीच योग्य. पण या भिंतीच्या पलीकडे बाथरूम असेल तर आधी ओल तपासा. प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला घाम धरला असेल तर तिथे व्हिनाइलचा कागद लावू नका. आतली ओल बाहेर पडत नाही, मागे काळी बुरशी धरते आणि कागद फुगतो.

आता मांडणी. बहुतेक कारागीर एका कोपऱ्यातून सुरुवात करून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जातात. त्यात वेळ वाचतो, पण पलंगाच्या डोक्यावर अर्धी डहाळी येते आणि उरलेली चिंधोटी शेवटच्या कोपऱ्यात. मी मधून सुरुवात करायला लावते. वहिनींची भिंत अकरा फूट, म्हणजे ३३५ सेंटिमीटर. नेहमीच्या रोलची रुंदी ५३. मधोमध दोन पट्ट्यांचा जोड आणला तर प्रत्येक बाजूला तीन पूर्ण पट्टे बसतात आणि कोपऱ्यात साडेआठ सेंटिमीटरची पट्टी उरते. इतकी अरुंद पट्टी लावायला कठीण, आणि सगळ्यात आधी सुटतेही तीच. त्याऐवजी पहिल्या पट्ट्याचाच मध्य भिंतीच्या मध्यावर धरला. मग दोन्हीकडे दोन-दोन पूर्ण पट्टे आणि दोन्ही टोकांना ३५ सेंटिमीटरचे तुकडे आले. एकूण सात पट्टे, डावं-उजवं सारखं. पहिला पट्टा लावण्याआधी ओळंबा सोडून उभी रेघ मारून घेतली. कोपऱ्याच्या भरवशावर राहिलं तर कोपऱ्याचा बाक सातही पट्ट्यांत उतरतो.

उभ्या दिशेचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर, त्यात ६४ ची नक्षी चार वेळा बसते आणि वर १८ उरतात. हे १८ कुठे सोडायचे? कारागिराने रोल उघडून तसाच छताला टेकवला असता, तर रोलच्या टोकाला जो भाग आला तो वर दिसला असता, बहुधा अर्धी छाटलेली डहाळी. आम्ही पट्टा कापण्याआधी भिंतीशी धरून पाहिला आणि मधल्या पट्ट्यातली डहाळीची टोकं छतापासून चार बोटं खाली येतील असा तो सरकवला. छाटाछाट सगळी खाली गेली, पलंगाच्या मागे. छताशी नक्षी मोकळी संपली की खोली जरा उंच वाटते. तिथेच ती मुंडकं उडवल्यासारखी कापली की छत खाली आल्यासारखं वाटतं.

नक्षी मोठी घेतली की कागद वाया जातो अशी एक धास्ती असते. ती नेहमी खरी नसते. भिंतीला कापायला दहा सेंटिमीटर जास्त धरून २८४ चा पट्टा लागतो. ६४ ची नक्षी जुळवायची तर तो ३२० चा धरायचा. रोल दहा मीटरचा, म्हणजे दोन्ही हिशेबांनी एका रोलमधून तीनच पट्टे निघतात. सात पट्ट्यांना तीन रोल. नक्षी ९० सेंटिमीटरची असती तर पट्टा ३६० चा झाला असता, एका रोलमधून दोनच निघाले असते आणि चार रोल लागले असते. तेव्हा दुकानदाराने चौरस फुटांवरून रोल सांगितले तर त्याला आधी रिपीट विचारा.

हल्ली भिंतीच्या मापाने छापून मिळणारे वॉलपेपर खूप चालतात, आणि त्यांत माप आपल्या हातात असतं. पण छापणारा फक्त भिंतीची लांबी-उंची विचारतो. कॅटलॉगमधला मोर मग भिंतभर ताणला जातो आणि त्याचं डोकं एसीमागे जातं. मी एका घरी हे पाहिलंय. मोराची मान होती, एसी होता, आणि मधोमध स्विचबोर्ड. छापायला देण्याआधी भिंतीचं साधं रेखाचित्र काढा. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीची उंची, एसी, दिवे, स्विच सगळं मापांसह दाखवा आणि नक्षीचा मुख्य भाग फळीच्या वर, मोकळ्या जागेत मागा. नक्षी निम्म्या मापात हवी असेल तर तसंही सांगा. पहिला नमुना भिंतीवर चिकटवून पाहिल्याशिवाय पूर्ण छपाईला होकार देऊ नका.

वहिनींच्या खोलीत बाकीच्या तीन भिंतींना कागदाच्या पाठीचाच मळकट पांढरा रंग दिला. पडदे साधे ठेवले. महिन्याभराने फोन आला तो रोलसाठी: तीन रोलमधून नऊ पट्टे निघाले, सात लागले, उरलेले दोन टाकून देऊ का? अजिबात टाकू नका म्हटलं. लेबलासकट गुंडाळून कपाटावर ठेवा. एसी काढताना कागद फाटला तर त्याच छपाईचा तुकडा हाताशी हवा. दुसऱ्या बॅचमध्ये हिरवा रंग थोडा वेगळा निघतो.