‘चार ते सहा फोन करतो’ : कॉलबॅकचा मेसेज नेमका कसा लिहायचा?

मागच्या व्हिडिओत तक्रारीच्या वहीबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की वहीत तक्रार लिहिली, पण गिऱ्हाइकाला परत फोन करायचा तर आधी काय कळवायचं? आज तेवढंच बघू.

लकडगंजातलं एक दुकान डोळ्यासमोर आणा. दारं, प्लायवूड, फ्लश डोअर असा माल. पावसाळा लागला की फोन सुरू होतात : दार फुगलं, चौकटीत अडकतंय, कडी लागत नाही. दुकानात फोन घेणारा एकच पोरगा आणि बाजूला आरा मशीन चालू. तो प्रत्येकाला म्हणतो, “दोन तासांत फोन करतो.”

इथंच गडबड होते. दोन तास कधीपासून? मेसेज पाठवल्यापासून की वाचल्यापासून? गिऱ्हाइकानं दुपारी वाचला तर तो पाचपर्यंत वाट बघतो, आणि तुमचा फोन साडेबारालाच येऊन गेलेला असतो. म्हणून ‘दोन तासांत’ लिहू नका. वार, तारीख, सुरुवात आणि शेवट लिहा. ‘उद्या’सुद्धा नको, कारण मेसेज उद्या उघडला तर ‘उद्या’ म्हणजे परवा होतो.

दोनच तास का, तर हिशेब करून बघा. एका तक्रारीला साधारण ७ मिनिटं धरली तर ९ फोनना ६३ मिनिटं लागतात. त्यात दोनतीन जण उचलत नाहीत, त्यांना पुन्हा लावायचं. एखादा काका फर्निचरचा सगळा इतिहास सांगतो, त्यात २० मिनिटं जातात. म्हणजे दोन तास जवळजवळ भरलेच. एक तासाची वेळ दिली तर शेवटचे तिघं राहतात, आणि ‘दिवसभरात कधीही’ म्हटलं तर कोणी दिवसभर फोन हातात धरून बसत नाही. त्यामुळे एका वेळेत ९ नावं, दहाव्याला पुढची वेळ. (तुमच्या धंद्यात एका फोनला किती मिनिटं लागतात ते आठवडाभर मोजा, माझे ७ मिनिटं डोळे झाकून घेऊ नका.)

आता मेसेज बघा :

“नमस्कार. दाराच्या तक्रारीबद्दल (क्र. ४७) आम्ही मंगळवार, १५ जुलैला दुपारी ४ ते ६ या वेळेत तुम्हाला फोन करू. फोन दुकानाच्या याच नंबरवरून येईल. उचलता आला नाही तर ६ च्या आत आणखी एकदा लावू. तरीही बोलणं झालं नाही तर 1 पाठवा : बुधवार सकाळी ११ ते १, किंवा 2 पाठवा : बुधवार संध्याकाळी ६ ते ८. उत्तर मंगळवारी रात्री ९ पर्यंत द्या. तक्रार बंद होणार नाही.”

‘याच नंबरवरून’ हे शब्द लिहिलेत तर पाळा. हल्ली अनोळखी नंबर कोण उचलतं? मेसेज दुकानाच्या नंबरवरून जातो आणि पोरगा घाईत स्वतःच्या मोबाइलवरून लावतो, मग वहीत ‘उचलत नाही’ असा शेरा पडतो. चूक गिऱ्हाइकाची नसते ना!

दुसरा फोन लगेच लावू नका. पहिला सव्वाचारला केला असेल तर दुसरा पावणेसहाच्या सुमारास. गाडी चालवत असलेला माणूस पाच मिनिटांनी पण गाडीच चालवत असतो.

‘वेळ कळवा’ असं मोघम लिहिलं तर बहुतेक जण काहीच कळवत नाहीत. दोन वेळा दिल्या की एक आकडा टाकायला त्यांना अवघड जात नाही. एक सकाळची, एक संध्याकाळची ठेवा, म्हणजे नोकरीवाल्यालाही जमतं. शेवटचं ‘तक्रार बंद होणार नाही’ हे वाक्य काढू नका. फोन हुकला की आता परत पहिल्यापासून सांगावं लागणार, अशी धास्ती माणसाला असते.

मेसेज व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर तीन वाजता एकदा टिक बघा. एकच टिक असेल तर तो पोचलाच नाही, तिथं साधा एसएमएस टाका. पण वरचा मजकूर जसाच्या तसा टाकू नका. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. इतका मोठा मजकूर पाचसहा तुकड्यांचा होतो आणि तितक्यांचे पैसे लागू शकतात. तिथं एवढंच पुरे : “तक्रार ४७ : मंगळ १५ जुलै, ४ ते ६ फोन करू. हुकल्यास 1 पाठवा.” मग 1 आला की दोन्ही वेळा विचारून घ्या.

आणि रात्री ९ पर्यंत उत्तर आलंच नाही तर? बुधवारी ११ च्या यादीत ४७ नंबर तुम्हीच टाका आणि सकाळी १० वाजता तसं कळवा.